गाण्याचा कागद गाणाऱ्याच्या डोळ्यांनी

भावगीतांच्या कार्यक्रमात गायकासमोरच्या स्टँडवर जो कागद असतो, तो बहुतेक वेळा पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला असतो. वर ध्रुवपदाच्या दोन ओळी, त्यांच्या शेवटी ॥ धृ. ॥, खाली अंतरे आणि प्रत्येक अंतऱ्याच्या शेवटी त्याचा आकडा. वाचकासाठी ही मांडणी अगदी योग्य आहे. ध्रुवपद पुन्हा पुन्हा छापायची गरज नसते, कारण वाचकाला ते एकदा कळलं की पुरे असतं. गाणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या दृष्टीने दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा मुखडा हा पहिल्या मुखड्यापासून तीन मिनिटांनी येणारा वेगळा प्रसंग असतो, आणि त्या क्षणी त्याची नजर पानाच्या तळाशी असते. तिथून वर उडी मारून, ओळ शोधून, परत खाली यायला ताल थांबत नाही.

म्हणून कागद मांडताना मी एकच गोष्ट धरून चालतो. गाणं ज्या क्रमाने कानावर पडणार, त्याच क्रमाने ते वरून खाली कागदावर उतरलं पाहिजे. नजर कुठेही मागे जाता कामा नये. पुढचं जवळपास सगळं यातूनच निघतं.

समजायला सोपं जावं म्हणून या लेखापुरतं एक छोटं गाणं रचलं आहे. पुस्तकात ते असं छापलं गेलं असतं:

रिमझिम भिजल्या या वाटेवर पाऊल तुझे वाजावे
मिटल्या डोळ्यांआड कुणाचे गाणे हळूच जागावे ॥ धृ. ॥

ओल्या मातीच्या गंधाने आठवणींना फुटले पान
कौलांवरच्या थेंबांमधुनी ऐकू येई जुनेच गान
दारी ज्याची वाट पाहिली त्याने दारी थांबावे ॥ १ ॥

सरता सरता रात्र बिलोरी उजेड झाला पानोपानी
विझत्या दिव्यास सांगुन गेली झुळूक कुठली मूक कहाणी
शब्द राहिले जे ओठांवर तेच सुरांनी सांगावे ॥ २ ॥

चाल अगदी सरळ आहे असं धरू. ताल केहरवा, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन. लय मिनिटाला ८० मात्रा. कवितेतल्या दोन मात्रा तालाच्या एका मात्रेत बसतात, आणि अंतऱ्याच्या ओळी एकेकदाच म्हणायच्या आहेत. प्रत्यक्षातल्या चाली इतक्या सुतासारख्या सरळ नसतात, पण हिशोब कसा करायचा ते यावरून दाखवता येईल.

आधी पुनरावृत्तीचं पाहू, कारण स्टेजवरचे बहुतेक घोटाळे तिथेच होतात. ॥ धृ. ॥ या खुणेत तीन प्रश्न दडलेले असतात. अंतऱ्यानंतर मुखड्याची एकच ओळ घ्यायची की दोन्ही? ती एकदा घ्यायची की दोनदा? आणि दुसऱ्यांदा घेताना चाल तीच राहते की वर जाते? तालमीत ही तिन्ही उत्तरं ठरलेली असतात, पण कागदावर त्यांतलं एकही नसतं. मग गायक दुसरी ओळ सुरू करतो आणि मागे तबलजी म्युझिक पीसच्या उठावाला लागलेला असतो.

ओळीच्या शेवटी कंसात (२) लिहायची पद्धत सर्रास दिसते. एकाच ओळीपुरती ती चालते, कारण ओळ संपताना नजर त्या आकड्यावर येते आणि त्याच ओळीच्या सुरुवातीला परत जाणं जड नाही. पण दोन ओळी मिळून दोनदा म्हणायच्या असतील, तर दुसऱ्या ओळीशेजारचा (२) फक्त त्या ओळीचा आहे की दोन्ही ओळींचा, हे कळायला मार्ग नसतो. महिरपी कंस घालूनही नजरेची वर जाणारी उडी काही चुकत नाही. म्हणून दोन किंवा त्याहून जास्त ओळींची पुनरावृत्ती मी नेहमी पूर्ण लिहून काढतो. आणि चाल बदलत असेल, तर एकच ओळ असली तरी दोनदा लिहितो आणि दुसऱ्या ओळीपुढे बारीक अक्षरात ‘वर’ लिहितो. स्वर लिहायची गरज नाही. गायकाला चाल येतच असते, फक्त आता कोणती घ्यायची तेवढं आठवून द्यायचं असतं.

पूर्ण लिहून काढण्यातून एक नवी अडचण उभी राहते, तिची व्यवस्था लगेच करावी लागते. एकाखाली एक दोन हुबेहूब ओळी आल्या की समोर श्रोत्यांकडे पाहून परत कागदाकडे वळलेल्या गायकाला आपण पहिल्या ओळीवर आहोत की दुसऱ्या, हे ओळखू येत नाही. त्यासाठी अशा ओळींच्या डावीकडे समासात लहान १ आणि २ लिहायचे. हे आकडे अंतऱ्याच्या क्रमांकाइतके मोठे नकोत, नाहीतर पुन्हा गोंधळ.

आता भागांची नावं. गायक, वादक आणि संयोजक तालमीत ज्या नावांनी बोलतात, तीच कागदावर हवीत. ‘ध्रुवपद’ हा शब्द मला प्रिय आहे, पण तालमीत कोणी “ध्रुवपदापासून घ्या” म्हणत नाही, “मुखड्यापासून घ्या” म्हणतात. तेव्हा मुखडा, म्युझिक १, अंतरा १, म्युझिक २, अंतरा २ असंच लिहावं. अंतऱ्याची जी शेवटची ओळ मुखड्याच्या चालीकडे परत घेऊन जाते, तिला बरेच वादक क्रॉस लाइन म्हणतात. आपल्या गाण्यात ‘दारी ज्याची’ आणि ‘शब्द राहिले’ या त्या ओळी. तिला वेगळं नाव द्यावं, कारण वादकांच्या दृष्टीने तिथे काहीतरी बदलणार असतं, आणि तालमीत परत घेण्याची सोयीची जागाही तीच असते. अंतरे गाळले असतील, तर कागदावरच्या अंतऱ्यांना नव्याने क्रमांक द्यायचे. गीतरामायणातल्या कित्येक गाण्यांत अंतरे इतके आहेत की कार्यक्रमात निवडक घ्यावे लागतात. अशा वेळी कागदावर १, ४ आणि ७ असे पुस्तकातले आकडे ठेवले, तर “दुसऱ्या अंतऱ्यापासून” म्हटल्यावर प्रत्येक जण वेगळीकडे पाहतो. गाळलेला अंतरा खोडून ठेवू नये, काढूनच टाकावा. खोडलेल्या ओळीही डोळे वाचतात.

नावांपैकी सगळ्यात जास्त माहिती म्युझिक पीसच्या नावापुढे हवी. तिथे गायक गात नसतो, म्हणून कागदावर ती जागा बहुधा रिकामी सोडलेली असते. खरं तर गायकाला मदतीची गरज तिथेच असते, कारण पुढचा उठाव त्याला नेमका पकडायचा असतो. पीस किती आवर्तनांचा आहे, शेवटी कोणतं वाद्य वाजतं आणि उठाव समेवर आहे की सम सोडून, एवढ्या तीन गोष्टी एका ओळीत बसतात. उदाहरणार्थ: ‘म्युझिक १ — ८ आवर्तनं, शेवटी बासरी, उठाव समेवर’. बासरी सुरू झाली की गायकाने तयार व्हायचं, आवर्तनं मोजत बसायची नाहीत. ही ओळ शब्दांपेक्षा लहान अक्षरात आणि चौकटीत असावी, म्हणजे घाईत कोणी तिलाच गायला लागणार नाही.

आता श्वासाच्या खुणा. बहुतेक जण त्या अंदाजाने करतात, म्हणून इथे थोडं जास्त थांबतो.

आपल्या गाण्याच्या पहिल्या ओळीचा अर्धा भाग घ्या: ‘रिमझिम भिजल्या या वाटेवर’. कवितेच्या सोळा मात्रा, म्हणजे तालाच्या आठ, म्हणजे एक पूर्ण आवर्तन. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत याला सहा सेकंद लागतात आणि शेवटी मोकळी जागा अजिबात उरत नाही. ‘पाऊल तुझे वाजावे’ हा दुसरा भाग चौदा मात्रांचा, म्हणजे तालाच्या सात. इथे तालाची एक मात्रा शिल्लक राहते, पाऊण सेकंद. पोटभर श्वास घ्यायला पाऊण सेकंद पुरतो. म्हणजे या ओळीत मोठ्या श्वासाची खरी जागा एकच आहे, ‘वाजावे’नंतर. ‘वाटेवर’नंतर श्वास घेता येईल, पण तो चोरावा लागेल. ‘र’ जरा आधी सोडून दिलेल्या वेळात घेतलेला छोटा श्वास. पुढचा ‘पा’ मात्र वेळेवरच आला पाहिजे. हा फरक कागदावर दिसणं महत्त्वाचं आहे, कारण दोन्हींकडे सारखीच खूण केली तर गायक ‘वाटेवर’नंतरही सवयीने मोठा श्वास घ्यायला जातो आणि ‘पाऊल’ उशिरा पडतं. गाणं मागे ओढल्यासारखं वाटतं, त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

म्हणून मी श्वासाच्या दोन खुणा ठेवतो. पूर्ण श्वासाला बरोबरची खूण ✓, आणि चोरट्या श्वासाला वरच्या बाजूला लहानसा ’. पाश्चात्त्य स्वरलेखनात श्वासासाठी ओळींच्या वर स्वल्पविराम काढतात. मराठी शब्दांच्या कागदावर तो खाली, शब्दांच्या ओळीत नको, कारण कवितेत खरा स्वल्पविराम असतोच आणि तो दर वेळी श्वासाची जागा नसतो. उभा दंडही नको. शास्त्रीय संगीत शिकलेल्या गायकाला उभी रेघ दिसली की ती तालाचा विभाग वाटते, कारण भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत तिचं काम तेच आहे.

आता मुखड्याची दुसरी ओळ पाहा. छंदाच्या हिशोबाने तीही सोळा आणि चौदा अशीच तुटते: ‘मिटल्या डोळ्यांआड कुणाचे’ आणि मग ‘गाणे हळूच जागावे’. पहिल्या ओळीसारखंच इथेही मध्ये श्वास घेतला, तर ‘कुणाचे’ हा शब्द लटकत राहतो आणि ‘गाणे’ त्याच्यापासून तुटतं. अर्थाचा सांधा त्याआधी आहे, ‘आड’नंतर. चोरटा श्वास तिथे घ्यायचा आणि ‘कुणाचे गाणे’ एका दमात न्यायचं. ही गोष्ट गायकाला सांगून लक्षात राहत नाही, कारण पहिली ओळ त्याच्या छातीला वेगळी सवय लावून गेलेली असते. कागदावर ‘आड’नंतर ’ ही खूण हवी आणि ‘कुणाचे’ व ‘गाणे’ यांच्यामध्ये खालच्या बाजूला कमान ‿ हवी. कमानीचा अर्थ ‘इथे तोडू नका’. ही खूण फार कमी कागदांवर दिसते, पण माझ्या मते श्वासाच्या खुणेइतकंच तिचं मोल आहे. जिथे शरीर श्वास मागतं आणि अर्थ नको म्हणतो, अशाच जागी ती करायची, सगळीकडे नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. पहिल्या अंतऱ्याच्या खुणा तशाच दुसऱ्या अंतऱ्याला लावायची रीत आहे, कारण चाल तीच असते. पण शब्द मोजून पाहा. ‘आठवणींना फुटले पान’ पंधरा मात्रांचं आहे, म्हणजे शेवटी तालाची अर्धी मात्रा तरी उरते. ‘जुनेच गान’ला तेच. दुसऱ्या अंतऱ्यात ‘उजेड झाला पानोपानी’ पुरत्या सोळा मात्रांचं आहे, आणि ‘झुळूक कुठली मूक कहाणी’सुद्धा. तिथे काहीच उरत नाही. म्हणजे ‘सरता’पासून ‘सांगावे’पर्यंत तालाच्या ४७ मात्रा, जवळपास ३५ सेकंद, गायकाला एकही मोकळा श्वास नाही, सगळे चोरटे. पहिला अंतरा छान गाऊन दुसऱ्यात दम लागणारे गायक आपल्या तब्येतीला दोष देतात. पण दोष कित्येकदा शब्दांच्या भरगच्चपणाचा असतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही कागदावर लिहिता येतात. पहिला, म्युझिक २ संपायच्या आत भरपूर श्वास घेऊन ठेवायचा. त्यासाठी ‘सरता’च्या आधी, म्युझिकच्या चौकटीतच ✓ काढायची. दुसरा, ‘कहाणी’नंतर क्रॉस लाइन सुरू करण्यापूर्वी वादकांकडून एक आवर्तन भरून घ्यायचं. बासरी किंवा सतारीचा लहानसा तुकडा, सहा सेकंद. हा बदल संगीत संयोजकाला विचारून तालमीत ठरवायचा असतो, पण तो करायला हवा हे कागद मांडतानाच कळतं, स्टेजवर नाही.

‘झुळूक कुठली मूक कहाणी’ या तुकड्यात आणखी एक पेच आहे. ‘कुठली’ हा शब्द झुळुकीचाही होऊ शकतो आणि कहाणीचाही. ‘कुठली’च्या आधी श्वास घेतला तर कहाणी अनोळखी होते, नंतर घेतला तर झुळूक. अशा जागी गायकाने मनाने खूण करू नये. कवी किंवा संगीतकार उपलब्ध असेल तर विचारावं, नसेल तर मूळ ध्वनिमुद्रण नीट ऐकावं. मी इथे श्वास ‘गेली’नंतर ठेवून पुढचे चारही शब्द एकत्र नेले आहेत, म्हणजे दोन्ही अर्थ शाबूत राहतात.

श्वास कुठे ठरवावा याची पद्धतही सांगतो. खुर्चीत बसून, गुणगुणत ठरवलेल्या जागा खोट्या निघतात, कारण गुणगुणताना हवा फारच कमी लागते. उभं राहून, पूर्ण आवाजात, खऱ्या लयीत गावं आणि जिथे दम संपतो तिथे पेन्सिलीने ठिपका द्यावा. श्वासाची खूण त्या ठिपक्यावर करायची नसते, तर त्याच्या आधी जो अर्थाचा सांधा येतो तिथे करायची असते. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय मूळ शब्दाला जोडूनच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथे सहसा कोणी तोडत नाही. पण विशेषण आणि नाम, किंवा ‘मातीच्या गंधाने’सारखी जोडी सहज तुटते, तिच्यावर लक्ष ठेवावं. ख, भ, ह यांसारख्या महाप्राण वर्णांनी भरलेल्या ओळीत हवा लवकर संपते, तेव्हा तिथे एखादी चोरटी जागा जास्त ठेवावी.

आता ओळ कुठे मोडायची, ते आपोआप ठरतं. कागदावरची ओळ छंदाप्रमाणे न मोडता श्वासाप्रमाणे मोडायची. खूण ओळीच्या शेवटी आली की ती शब्दांच्या गर्दीत शोधावी लागत नाही. खेचलेल्या अक्षरापुढे अवग्रह ऽ लिहावा, पण तो शब्दाच्या शेवटीच शोभतो. ‘वाऽजाऽवेऽ’ असं लिहिलं तर शब्द ओळखू येत नाही. स्वरलिपीच्या पुस्तकांत अक्षरं मात्रांखाली सुटी करून मध्ये ऽ घालतात. चाल शिकण्यासाठी ते ठीक आहे, स्टेजवर वाचण्यासाठी नाही.

हे सगळं धरून आपलं गाणं असं दिसेल:

पट्टी: काळी ४ · केहरवा · मध्य लय
✓ पूर्ण श्वास   ’ चोरटा श्वास   ‿ तोडू नका   ऽ खेच

[सुरुवात — ४ आवर्तनं, शेवटी बासरी, उठाव समेवर]

मुखडा
१  रिमझिम भिजल्या या वाटेवर ’
   पाऊल तुझे वाजावेऽ ✓
२  रिमझिम भिजल्या या वाटेवर ’   (वर)
   पाऊल तुझे वाजावेऽ ✓
   मिटल्या डोळ्यांआड ’
   कुणाचे‿गाणे हळूच जागावेऽ ✓
   रिमझिम भिजल्या या वाटेवर ’
   पाऊल तुझे वाजावे

[म्युझिक १ — ८ आवर्तनं, व्हायोलिन, शेवटी बासरी, उठाव समेवर]

अंतरा १
   ओल्या मातीच्या‿गंधाने ’
   आठवणींना फुटले पान ’
   कौलांवरच्या थेंबांमधुनी ’
   ऐकू येई जुनेच गान ’
क्रॉस लाइन
   दारी ज्याची वाट पाहिली ’
   त्याने दारी थांबावेऽ ✓
मुखडा, पहिली ओळ एकदा
   रिमझिम भिजल्या या वाटेवर ’
   पाऊल तुझे वाजावे

[म्युझिक २ — ८ आवर्तनं, सतार, उठाव समेवर ✓]

अंतरा २
   सरता सरता रात्र बिलोरी ’
   उजेड झाला पानोपानी ’
   विझत्या दिव्यास सांगुन गेली ’
   झुळूक‿कुठली‿मूक कहाणी ✓
[बासरी, १ आवर्तन]
क्रॉस लाइन
   शब्द राहिले जे ओठांवर ’
   तेच सुरांनी सांगावेऽ ✓
शेवट, पहिली ओळ दोनदा
१  रिमझिम भिजल्या या वाटेवर ’
   पाऊल तुझे वाजावेऽ ✓
२  रिमझिम भिजल्या या वाटेवर ✓   (ताल थांबतो, सावकाश)
   पाऊल तुझे वाजावेऽऽ

शेवटच्या ओळीत ‘वाटेवर’नंतरचा चोरटा श्वास पूर्ण झाला आहे हे लक्षात आलं असेल. ताल थांबल्यावर चोरायचं कारण उरत नाही. त्याच ओळीला दोन ठिकाणी दोन वेगळ्या खुणा येऊ शकतात, आणि पूर्ण लिहून काढण्याचा हा आणखी एक फायदा आहे. नुसतं ‘मुखडा’ लिहिलं असतं तर ही जागा मिळाली नसती. खुणा चारच ठेवल्या आहेत. पाचवी वाढवायची वेळ आली, तर मी ती शब्दांत लिहितो, जसं इथे ‘वर’ किंवा ‘सावकाश’.

हे गाणं एका बाजूला मावायला थोडं लांब आहे, आणि बहुतेक गाणी असतात. दोन पानं शेजारी शेजारी ठेवता येत असतील तर उत्तम. उलटावंच लागलं, तर पान म्युझिक पीसवर संपवावं, अंतऱ्याच्या मध्ये कधीही नाही. इथे पहिलं पान म्युझिक २ च्या चौकटीवर संपेल आणि तीच चौकट दुसऱ्या पानाच्या माथ्यावर पुन्हा लिहिली जाईल, म्हणजे पान उलटल्यावरही उठावाची सूचना समोर असेल.

अक्षराचा आकार शब्दांसाठी १८ ते २० पॉइंट आणि चौकटीतल्या सूचनांसाठी १२ ते १३ ठेवावा. स्टँड साधारण हातभर अंतरावर असतो आणि गायक कागद वाचत नसतो, ओझरता पाहत असतो. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर दीडपट तरी हवं. कमी अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि ‘सुर’ की ‘सूर’ हे दुरून ओळखता येत नाही. ओळी डावीकडे सरळ ठेवाव्यात. मधोमध मांडलेल्या कवितेत प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या जागी येते आणि नजरेला ती दर वेळी शोधावी लागते.

वर्डमध्ये टाइप करत असाल तर दोन सोयी वापरण्यासारख्या आहेत. भागाचं नाव एका पानाच्या तळाशी आणि त्याच्या ओळी पुढच्या पानावर जाऊ नयेत म्हणून त्या नावाला Paragraph मधलं Keep with next लावावं. आणि ‘कुणाचे‿गाणे’सारखी जोडी शब्दांमध्ये जागा ठेवून लिहायची असेल, तर साध्या जागेऐवजी Ctrl + Shift + Space दाबावं, म्हणजे ती दोन ओळींत फाटत नाही. फाइल दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करूनच पाठवावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं गाणं दुसऱ्याच्या फोनवर उघडलं की निरर्थक अक्षरांची रांग होते, आणि हे बहुधा कार्यक्रमाच्या दिवशीच कळतं.

रंगांचा मोह टाळावा. घरच्या दिव्याखाली लाल शाईतल्या खुणा सुरेख उठून दिसतात. स्टेजवर लाल दिवा पडला की पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल खुणा त्यात विरून जातात. सगळं काळ्या शाईत, आणि जोर द्यायचा असेल तर ठळक अक्षरात. युगुलगीतातही तेच. तो, ती आणि दोघं असे शब्द डाव्या समासात लिहावेत, गुलाबी आणि निळा रंग नको. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर वरच्या दिव्याची तिरीप नेमकी त्यावर येते, त्यापेक्षा जाडसर, बिनचकाकीचा कागद स्टँडला चिमट्याने लावलेला बरा.

तयार कागद तपासायचा सोपा मार्ग असा. गाणं माहीत असलेल्या, पण तालमीला नसलेल्या एखाद्याला तो द्यावा, ध्वनिमुद्रण किंवा ट्रॅक लावावा आणि त्याला गायला सांगावं. आपण त्याचे डोळे पाहायचे. नजर वर गेली की तिथली पुनरावृत्ती लिहायची राहिली आहे. तो ओळीच्या मध्येच अडखळला की ओळ चुकीच्या जागी मोडली आहे. म्युझिक संपताना त्याने आपल्याकडे पाहिलं, तर चौकटीतली सूचना अपुरी आहे.

श्वासाच्या खुणा ज्याच्या त्याच्या असतात. म्हणून मूळ फाइल खुणांशिवाय, फक्त भाग आणि पुनरावृत्तीसह ठेवावी आणि प्रत्येक गायकाची प्रत वेगळी करावी. समूहगानात मात्र खुणा सगळ्यांनी मिळून ठरवाव्या लागतात. तिथे लांब खेचलेल्या स्वरावर सगळे एकदम श्वासाला थांबले तर सूर तुटतो. अशा जागी गटाचे दोन भाग करावेत, अर्ध्या प्रतींवर खूण एका शब्दानंतर आणि उरलेल्या प्रतींवर त्याच्या पुढच्या शब्दानंतर. ऐकणाऱ्याला सूर सलग वाटतो.

नाट्यपद, अभंग किंवा ठुमरीच्या अंगाने जाणारं गाणं असेल, तर हा सगळा हिशोब एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. तिथे ओळ किती वेळा घोळवायची हे गायक त्या क्षणी ठरवतो. अशा कागदावर मुखडा आणि अंतरा एकेकदाच, मोठ्या अक्षरात लिहावा, मोकळं गाण्याच्या जागी चौकटीत ‘मोकळं’ एवढंच लिहावं आणि तिथून कोणत्या शब्दाने मुखड्यावर यायचं तो शब्द ठळक करावा. तबलजी आणि साथीला बसलेल्या हार्मोनिअमवाल्याच्या प्रतीवरही तोच शब्द ठळक हवा, कारण त्या शब्दाची वाट तेही पाहत असतात.